तिलावत थांबेल तिथेच चित्र बदलावे

रमजान सुरू झाला की मोबाइलवर लहान धार्मिक व्हिडिओंची रीघ लागते. चंद्रकोर, मीनार, खजुराची बशी, दुआसाठी उचललेले हात आणि मागे कुराणाची तिलावत, असे त्यांचे स्वरूप असते. सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावातही आता हे व्हिडिओ कुणी स्टुडिओत जाऊन करत नाही. तरावीहहून आलेला कॉलेजातला मुलगा इनशॉट किंवा काइनमास्टर उघडतो आणि अर्ध्या तासात व्हिडिओ तयार होतो. पण त्यातील बरेचसे पाहताना मन शांत होण्याऐवजी डोळे शिणतात. चित्रे वाईट असतात म्हणून नव्हे. ती चुकीच्या क्षणी बदलतात.

ॲपमधली तयार साचेबंद मांडणी गाण्यासाठी बनवलेली असते. ठेक्याच्या प्रत्येक घावाला चित्र बदलते, गरकन फिरते, लखकन चमकते. तिलावतीला ठेका नसतो. कारी एका श्वासात आयत पढतो, थांबतो, श्वास घेतो आणि पुढची सुरू करतो. आयती लहानमोठ्या असतात. त्यामुळे दर तीन सेकंदांनी चित्र बदलायचे ठरवले, तर कट कधी शब्दाच्या मधोमध पडतो, कधी लांबवलेल्या स्वरावर. ऐकणाऱ्याचे लक्ष त्या क्षणी शब्दावरून उडून चित्राकडे जाते. अर्थ न समजणाऱ्यालाही हा हिसका जाणवतो, कारण तो सुरात असतो.

सूरह फातिहा घेऊन हे प्रत्यक्ष करून पाहू. नमाजच्या प्रत्येक रकातीत पढली जाणारी ही सूरह, बिस्मिल्लाहसह सात आयतींची. गावातल्या इमामसाहेबांची परवानगी घेऊन, नमाजीची वर्दळ ओसरल्यावर आणि पंखे बंद करून ती ध्वनिमुद्रित केली असे समजा. सावकाश पठणात पहिल्या दोन आयतींना पाच-पाच सेकंद लागले, तिसरी-चौथीला चार-चार, पाचवीला सहा, सहावीला चार आणि शेवटच्या सर्वांत मोठ्या आयतीला बारा. दोन आयतींमधला विराम प्रत्येकी दीड सेकंदाचा. सुरुवातीला दोन आणि शेवटी तीन सेकंदांची शांतता ठेवली, की एकूण चोपन्न सेकंद होतात. प्रत्येक कारीची गती वेगळी असते, म्हणून हे आकडे उसने घेऊ नयेत, आपल्या ध्वनिमुद्रणावर मोजावेत.

आता आधी आवाज टाइमलाइनवर ठेवायचा, चित्रे नंतर. आवाजाची रेघ बोटांनी मोठी केली की विरामाच्या जागी ती सपाट दिसते. तिथे खुणा करायच्या. असे सहा विराम मिळतात, पण सहाही ठिकाणी चित्र बदलायलाच हवे असे नाही. तिसरी आणि चौथी आयत लहान आहे, दोन्हींना वेगळी चित्रे दिली तर धावपळ वाटते. पहिल्या दोन एका चित्रावर, पुढच्या दोन दुसऱ्यावर, मग पाचवी, सहावी आणि सातवी स्वतंत्र, अशी पाचच चित्रे पुरतात. त्यांची लांबी साधारण सव्वा चौदा, अकरा, साडेसात, साडेपाच आणि पावणेसोळा सेकंद येते. ही लांबी एकसारखी नाही आणि तसे असणेच बरे, कारण ती श्वासातून आलेली आहे.

शेवटच्या आयतीत मोह होतो. बारा सेकंद एकच चित्र कोण पाहील, म्हणून मध्ये एक कट घुसवला जातो. या आयतीच्या अखेरच्या शब्दात एक स्वर सहा मात्रांइतका लांबवतात, त्याला मद म्हणतात. कट नेमका त्यावर पडला, तर चढत गेलेला सूर चित्राने तोडला असे वाटते. कारी मध्ये थांबला असेल तरच तिथे कट द्यावा. नाहीतर मुळातच असे चित्र निवडावे, ज्यात सोळा सेकंद काहीतरी हळूहळू घडत राहील, जसे खिडकीतून चटईवर पडलेला मगरिबचा उजेड विझत जाणे. सव्वा चौदा सेकंदांसाठी लिंबाच्या झाडावर परतणारी पाखरे चालतील, अकरासाठी वजूच्या पाण्याखालचे हात. खजुराची स्थिर बशी साडेपाच सेकंदांपेक्षा जास्त धरवत नाही. चित्रीकरणाच्या वेळी फोन भिंतीला टेकवून प्रत्येक दृश्य गरजेपेक्षा चार-पाच सेकंद जास्त घ्यावे, म्हणजे हात पाण्यातून बाहेर येऊन थांबल्यावर कट देता येतो. हात अर्ध्या वाटेत असताना दिलेला कट विरामात असला तरी खटकतो.

कट विरामात नेमका कुठे द्यायचा? आयत संपताक्षणी दिला तर शेवटच्या अक्षराचा घुमारा कापल्यासारखा वाटतो. पुढची आयत सुरू होताना दिला तर पहिला शब्द ऐकू येईपर्यंत डोळा नवीन चित्रात चाचपडत असतो. मध्यावर दिला की दोन्ही टळते.

साधा कट बहुतेक ठिकाणी पुरतो. एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचे असेल, तर विरघळण्याचा वेळ विरामापेक्षा कमी हवा. फोन सेकंदाला तीस फ्रेम घेत असेल, तर दीड सेकंदाच्या विरामात पंचेचाळीस फ्रेम असतात, आणि वीस ते चोवीस फ्रेमचे विरघळणे त्यात आरामात बसते. साठ फ्रेमचे दिले तर ते पुढच्या आयतीवर सांडते. आणखी एक अडचण व्हॉट्सॲपवर कळते. तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि पाखरांनी भरलेले झाड हलत्या पाण्यात विरघळवले तर चौकोनी ठिपके दिसू लागतात. अशा दोन चित्रांमध्ये सरळ कटच स्वच्छ राहतो.

लखलखाटाचा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात काही सेकंद लाल-निळा लखलखाट झाला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. आजही पडद्यावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नसावा असा संकेत पाळला जातो. सहरीच्या अंधारात डोळ्यांजवळ धरलेल्या फोनवर तर तो टाळावाच.

विराम राखण्यात ॲपच आडवे येते. काही ॲपमध्ये रिकामी जागा आपोआप कापण्याची सोय असते. भाषणाला ती उपयोगी, तिलावतीला घातक, कारण जी जागा ॲप रिकामी समजते तिथेच ऐकणारा आयत मनात मुरू देतो. शॉर्ट्स आणि रील संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, हेही विसरले जाते. शेवटची तीन आणि सुरुवातीची दोन सेकंदे नसतील, तर आयत संपते ना संपते तोच बिस्मिल्लाह आदळते. शेवटच्या सेकंदात चित्र हळू काळे होऊ द्यावे.

हीच रीत अभंगाला लावता येते का? याच हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे संत नामदेवांचे गाव, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. तिथे हिशेब थोडा बदलतो. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो आणि टाळ वाजत असतात, त्यामुळे विराम सापडत नाही. मग चरण संपून ध्रुपद परत येते ती जागा कटासाठी धरावी, टाळाच्या प्रत्येक ठोक्यामागे धावू नये. नातला वाद्ये नसली तरी ती लयीत गायली जाते, म्हणून तिला तिलावतीपेक्षा हा अभंगाचाच हिशेब जवळचा पडतो.

सगळे जुळले की नाही, हे तपासायला फोन एखाद्या अशा माणसाच्या हाती द्यावा ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही. पाहून झाल्यावर चित्रे किती होती ते विचारावे. पाच असूनही तो तीन किंवा चार म्हणाला, तर कट विरामात मुरले आहेत. बरोबर पाच सांगून वर एखादा कट कुठे होता तेही त्याने सांगितले, तर तो कट विरामाच्या मध्यापासून पाच-सहा फ्रेम नव्हे, चांगला अर्धा सेकंद सरकवून पाहावा.

अर्थात असा व्हिडिओ पहिल्याच सेकंदाला अंगठा रोखेल याची खात्री नाही. चमकणारे व्हिडिओ जास्त पाहिले जातात. पण इफ्तारीला अजून दहा मिनिटे आहेत, ताट समोर आहे आणि घरात कुणी बोलत नाही, अशा वेळी जो लावला जाईल तो हाच.