काकांचा नंबर बदलला, पीएफचं खातं अडलं

काकांनी जुनं सिम बंद केलं आणि पीएफच्या पोर्टलचा ओटीपी येईना. मुलं थेट पोर्टलशी झटापट करतात, पण सुरुवात आधारपासून करावी. काकांना आधार केंद्रात घेऊन जा. तिथे बोटांचे ठसे घेऊन नवा नंबर जोडतात, कागदपत्रं लागत नाहीत.

तो नोंदला गेला की पोर्टलवर ‘Forgot Password’ निवडून यूएएन टाका. जुन्या नंबरवर ओटीपी पाठवू का, याला ‘No’ म्हणा. मग नाव, जन्मतारीख, आधार यांची पडताळणी होऊन नवा मोबाइल घेतला जातो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: कंपनीच्या दप्तरी ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’. तपशील जुळत नाही असा संदेश आला, तर आधी नावाची दुरुस्ती करून घ्यावी लागते.