दोन ठिपक्यांच्या मध्ये काय घडतं?

y = x³/(x−1)² चा आलेख काढायला बसलं की पहिला मोह होतो तो ठिपके मांडण्याचा. x = 0 ला y = 0, x = 2 ला y = 8. दोन ठिपके रेषेने जोडले की आलेख फसलाच. कारण मध्ये x = 1 ला छेद शून्य होतो आणि तिथे वक्र दोन्ही बाजूंनी आकाशाला भिडतो. छेदातला वर्ग नेहमी धन असतो, म्हणून दोन्हीकडे वरच. x = 1 ही झाली उभी अनंतस्पर्शी रेषा.

तिरकी रेषा भागाकारातून निघते. अंशाला छेदाने भागलं की भागाकार x + 2 येतो आणि बाकी उरते 3x − 2. म्हणजे y = x + 2 + (3x−2)/(x−1)². x खूप मोठा झाला की शेवटचा तुकडा विरून जातो आणि वक्र y = x + 2 ला बिलगतो.

आता वक्र कुठे चढतो नि कुठे उतरतो ते पाहू. पहिला विकलज x²(x−3)/(x−1)³ येतो. संख्यारेषेवर 0 आणि 3 मांडायचे, आणि 1 सुद्धा. हा 1 हमखास राहून जातो, कारण तिथे विकलज शून्य नसतो. तो मुळी नसतोच. 1 विसरून 0 ते 3 मध्ये फक्त x = 2 तपासला, तर चिन्ह ऋण येतं आणि वक्र 0 पासून 3 पर्यंत उतरतो असं वाटतं. पण x = 3 ला y तर 6.75 आहे! शून्यावरून उतरत 6.75 ला कसं पोचणार? असा मेळ बसेना की समजावं, एखादा बिंदू सुटलाय. खरी चिन्हं डावीकडून अशी: 0 च्या आधी धन, 0 ते 1 धन, 1 ते 3 ऋण, पुढे धन. 3 ला तळ मिळाला. 0 ला मात्र शिखरही नाही, तळही नाही. चढता वक्र तिथे क्षणभर आडवा होतो इतकंच.

तिथे नेमकं काय होतं ते दुसरा विकलज सांगतो: 6x/(x−1)⁴. चौथ्या घातामुळे छेद कायम धन, त्यामुळे चिन्ह फक्त x वर अवलंबून. 0 च्या डावीकडे वक्र पालथ्या वाटीसारखा, उजवीकडे उताण्या. म्हणजे 0 हा वळणबिंदू. 1 च्या दोन्ही बाजूंना वाटी उताणीच राहते.

एक गैरसमज मात्र फार चिवट आहे, की वक्र अनंतस्पर्शीला कधी छेदतच नाही. उभ्या रेषेबाबत ते खरं. पण आपल्या तिरक्या रेषेला तो 3x − 2 = 0 असताना, म्हणजे (2/3, 8/3) या बिंदूत सरळ ओलांडून जातो. त्यामुळे टोकं काढताना अंदाज चालत नाही. x = 10 ला वक्र 12.35 वर, रेषा 12 वर: वक्र वरून येतो. x = −10 ला वक्र −8.26 वर, रेषा −8 वर: इथे तो खालून.