लाडू तीन किलो, ॲडव्हान्स एक हजार

तालुक्याच्या गावातलं फराळाचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढे दोन काउंटर, मागे भट्टी. वर्षभर गिऱ्हाइकी बेताची असते आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑर्डरी वहीत, ॲडव्हान्सचा आकडा समासात आणि बिलं छापील पुस्तकावर. मालकांना आता ऑर्डर आणि बिलाचा प्रोग्राम आपल्या दुकानापुरता करून घ्यायचा आहे. ओळखीतला एक मुलगा घरून अशी कामं करतो. तो म्हणतो, ‘काका, काय काय हवंय ते लिहून पाठवा.’ काका व्हॉट्सॲपवर पाठवतात: ऑर्डर घेता यावी, बिल निघावं, जीएसटी, स्टॉक, रिपोर्ट. सोपं हवं, फास्ट हवं.

एवढ्यावर कोणीही पैसे सांगू शकतो, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी दुकानाच्या कामाचे असतात. या यादीत काकांचं दुकान कुठेच नाही. पडद्यावर बटणं कोणती हवीत हे मालकाने लिहायची गरज नसते, ते त्या मुलाचं काम. मालकाने लिहावी एका ऑर्डरची हकीकत, फोन वाजल्यापासून पिशवी दाराबाहेर जाईपर्यंत. उदाहरणार्थ अशी:

‘गिऱ्हाईक फोनवर सांगतं: चकली दोन किलो, बेसन लाडू तीन किलो, धनत्रयोदशीला संध्याकाळी नेऊ. चकली 480 रुपये किलो, लाडू 560. भाव टॅक्स धरूनच असतात. अंदाजे 2640 रुपये सांगतो, 1000 ॲडव्हान्स घेतो, त्याची पावती देतो. नेण्याच्या वेळी माल तोलतो. लाडू नगात येतात, त्यामुळे तीन किलो म्हटलं तरी कधी 2.850 भरतात. जे भरेल त्याचेच पैसे. डब्याचं वजन धरायचं नाही. बिल तेव्हाच करतो, ॲडव्हान्स वजा करून उरलेले घेतो.’

दहा ओळींची ही हकीकत वाचून डेव्हलपर सावध होतो. ऑर्डरीतलं वजन आणि बिलातलं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकावर दुसरं लिहून चालणार नाही. तराजूवर रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा झालं पाहिजे. आणि ऑर्डर म्हणजे बिल नव्हे. ऑर्डर रद्द होते, तारीख बदलते, किलोचे दोन किलो होतात. बिलांचे क्रमांक मात्र ओळीने लागले पाहिजेत, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नयेत आणि सोळा अक्षरांपेक्षा लांब असू नयेत, असा जीएसटीचा नियम आहे. ऑर्डर घेतानाच बिलाचा नंबर दिला, तर रद्द ऑर्डरींची भोकं वर्षअखेरीस हिशेबनिसाला बुजवत बसावी लागतात. म्हणून ऑर्डरीला वेगळा नंबर आणि बिलाला वेगळा. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानाला मालाच्या ॲडव्हान्सवर त्याच क्षणी कर लागत नाही, तो बिलाबरोबर लागतो. तेव्हा पावतीवर काम भागतं.

आता हेच बिल पैशापर्यंत करून पाहू. चकलीचे 960, लाडवांचे 1596, एकूण 2556. कर 5 टक्के आतच आहे, म्हणून 2556 ला 1.05 ने भागायचं. मूळ किंमत येते 2434.29. त्यावर केंद्राचा अडीच टक्के कर 60.86, राज्याचाही तेवढाच. तिन्ही मिळवा: 2556.01. एक पैसा जास्त! हे गणित चुकलेलं नाही, दोनदा पूर्णांक केल्यावर असं होतंच. पण तो पैसा ‘राउंड ऑफ’च्या ओळीत टाकायचा की कसं, हे आधी ठरलेलं नसेल तर गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आणि महिन्याचा अहवाल यांचा मेळ बसत नाही. हे असं सोडवून दाखवलेलं एक बिल, ‘जीएसटी बरोबर निघावा’ या वाक्यापेक्षा डेव्हलपरच्या शंभर पटीने कामाचं. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे उरले 1556.

कराचा दर पदार्थाला कायमचा चिकटवून ठेवण्याची चूकही इथे सहज होते. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी सुटं तोलून दिलेलं नमकीन 5 टक्क्यांत होतं, तेच पाकिटात भरून लेबल लावलं की 12 टक्के. त्या तारखेपासून दोन्ही 5 वर आले. समजा, पाकीटबंद चिवड्याची ऑर्डर आणि ॲडव्हान्स सप्टेंबरच्या सुरुवातीचे. पण माल आणि बिल दोन्ही ऑक्टोबरात. मग दर नवा. आणि ऑगस्टचं जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावर 12 च दिसले पाहिजेत. म्हणून ब्रीफमध्ये एक वाक्य हवं: ‘दर बदलण्याची सोय माझ्या हातात हवी, कोणत्या तारखेपासून हे टाकून, जुनी बिलं हलता कामा नयेत.’

पण माझ्या मते मालकाकडचं सगळ्यात मोलाचं ज्ञान भट्टीपाशी असतं आणि नेमकं तेच लिहायचं राहतं. त्यांना ते इतकं उघड वाटतं की सांगावंसंही वाटत नाही. आचाऱ्याला ऑर्डरी नको असतात, त्याला उद्या काय किती किलो लागणार ते हवं असतं. आणि उद्याची यादी म्हणजे उद्या न्यायच्या ऑर्डरींची बेरीज नव्हे. चकली आदल्या दिवशी तळली तरी चालते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, मग कांडून गुळात मळलेलं पीठ आणखी काही दिवस मुरतं. म्हणजे अनारशांची ऑर्डर आठवडाभर आधी बंद व्हायला हवी, आणि काउंटरवरच्या मुलीने घाईत ‘परवा देतो’ म्हटलं तर प्रोग्रामने तिथेच अडवायला हवं. पदार्थापुढे ‘किती दिवस आधी’ हा एक रकाना. मालकाने सांगितला नाही तर कोणत्याही डेव्हलपरला तो सुचणार नाही. त्याने अनारसे फक्त खाल्लेले असतात.

दिवाळीत इंटरनेट जाणारच. दोन्ही काउंटर नेटशिवाय चालायचे असतील तर दोघांना बिलांची वेगळी मालिका द्यावी लागते, एकाला `A/25-26/00417`, दुसऱ्याला `B` ने सुरू होणारी. नियमाला ते चालतं. नाहीतर दोन्हीकडून एकच नंबर निघतो आणि तो घोळ नेट आल्यावर कळतो. झालेलं बिल खोडायचा हक्क कोणालाच नको, मालकालाही नको. माल परत आला तर क्रेडिट नोट.

नको असलेल्या गोष्टीही तितक्याच स्पष्ट लिहाव्यात. या दुकानाला गिऱ्हाइकांसाठी मोबाइल ॲप नको, घरपोच सेवा नको आणि बेसन-तुपाचा स्टॉकही यंदा नको. आमच्याकडे ‘जाता जाता तेवढं स्टॉकचं बघा’ म्हणायची रीत आहे. त्या ‘तेवढं’मध्ये प्रत्येक पदार्थाला किती कच्चा माल लागतो याचा सगळा तक्ता दडलेला असतो, आणि मूळ कामाइतकंच दुसरं काम.

काम पूर्ण झालं हे ओळखायचं कसं? गेल्या दिवाळीच्या वहीतल्या वीसेक ऑर्डरी निवडायच्या: सरळ चार, बाकी अडलेल्या. ॲडव्हान्स देऊन आलेच नाहीत ते, निम्मा माल आज आणि निम्मा उद्या नेणारे, ‘बिल कंपनीच्या नावाने द्या’ म्हणणारे. प्रत्येकीपुढे अपेक्षित बिल हाताने मांडून ती वही ब्रीफला जोडायची. डेव्हलपरने त्या सगळ्या मालकांसमोर चालवून दाखवायच्या आणि आकडे जुळले की दुसरा हप्ता. शेवटचा हप्ता प्रोग्रामचा कोड आणि सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून घ्यायची सोय हातात पडल्यावर. आणि हे सगळं गणपतीच्या आत, कारण नवरात्र उजाडलं की काउंटरवर नवीन काही शिकायला कोणालाही वेळ नसतो.