इन्व्हर्टरची बॅटरी आणि बॅकअपची न्यूट्रल

समजा, तीन पंखे, काही दिवे आणि राउटर मिळून 300 वॅट होतात. तीन तास लाईट गेली, तर 900 वॅट-तास लागतील. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 दाखवते; पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी आपण अर्धीच वापरायची, रोज तळ गाठला की ती लवकर बसते. इन्व्हर्टर साधारण पाचवा हिस्सा खातो. उरतात 720. म्हणून 200ची घेऊ, तिचे 960 मिळतात.

आता जोडणी. बॅकअपची फेज आपण वेगळी काढतो आणि न्यूट्रल मात्र जुनीच ठेवतो, घोळ तिथेच होतो. एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह त्याला वगळून दुसऱ्याच न्यूट्रलने परततो. मग लाईट असताना बॅकअपचा पंखा लावला की आरसीसीबी पडतो. तसं झालं, तर आधी न्यूट्रल तपासायची. बॅकअपची न्यूट्रल थेट इन्व्हर्टरपासून वेगळी ओढून घ्यावी, आणि तीही परवानाधारक वायरमनकडूनच.