आधी भिंत, मग हल्ला

राजे विरुद्ध बाजूंना गेले की प्यादी पुढे रेटायची, असं अनेकांना वाटतं. पण त्याआधी हल्ल्याला लक्ष्य आहे का आणि आपला राजा टिकेल का, हे पाहावं लागतं.

१९५८ साली पोर्टोरोझला बॉबी फिशरने बेंट लार्सनच्या ड्रॅगन बचावाविरुद्ध हेच केलं. लार्सनचं जी-प्यादं आधीच एक घर पुढे आलेलं होतं, म्हणजे एच-प्याद्याला धडकायला जागा तयार. तरी फिशरने सोळाव्या चालीत उंट मागे घेऊन सी-पट्टीवरचा धोका रोखला, आणि मगच एच-प्यादं सोडलं. एकोणिसाव्या चालीला एच-पट्टी उघडली; बाविसाव्या चालीत हत्ती देऊन बचावाचा घोडा टिपला.

मध्य मोकळा असता, तर प्रतिस्पर्ध्याने तिथेच उलट वार केला असता.