एक बाटली, चार आकडे

बारावीच्या रसायनशास्त्रात द्रावणांचे प्रकरण सुरू झाले, की गृहपाठात एक गणित कुठल्या ना कुठल्या रूपात येतेच. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आहे. तिच्यावर दोनच गोष्टी लिहिल्या आहेत: वस्तुमानानुसार ३७ टक्के आणि घनता १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर. या आम्लाची मोलॅरिटी काढा, मोलॅलिटी काढा, आणि त्यापासून ०.५ मोलर तीव्रतेचे २५० मिलिलिटर द्रावण कसे कराल ते सांगा.

गणित भागाकार-गुणाकारापलीकडे जात नाही. तरीही हुशार मुले इथे अडखळतात, कारण तीव्रता सांगणारा प्रत्येक आकडा एक अर्धवट वाक्य असतो. '३७ टक्के' म्हटले की लगेच विचारायला हवे, कशात ३७? शंभर ग्रॅम द्रावणात, शंभर मिलिलिटर द्रावणात, की शंभर ग्रॅम पाण्यात? द्राव्य तेच, बाटली तीच. पण भागाकारात खाली काय घेतले यावर आकडा बदलतो. हे गणित म्हणजे सगळे या 'कशात'चा माग आहे.

हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे पाण्यात विरघळवलेला हायड्रोजन क्लोराइड वायू. वायू हे द्राव्य, पाणी हे द्रावक, आणि दोन्ही मिळून द्रावण. बाटलीवरच्या ३७ टक्क्यांचा अर्थ असा, की १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आणि उरलेले ६३ ग्रॅम पाणी आहे. वर आणि खाली दोन्हीकडे वस्तुमान आहे. हे टक्के तराजूवरचे आहेत, मोजपात्रातले नाहीत.

मोलॅरिटीला मात्र मोजपात्र लागते. एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल आहेत, हे ती सांगते. मोल हे कणांची संख्या मोजायचे एकक. हायड्रोजन क्लोराइडचा एक मोल भरतो ३६.५ ग्रॅम. आपल्याजवळ माहिती ग्रॅमची आणि उत्तर हवे लिटरचे. या दोन काठांना जोडणारा पूल म्हणजे घनता. म्हणून तर ती बाटलीवर छापलेली असते.

आता सरळ एक लिटर आम्ल समोर आहे असे धरायचे. घनता १.१९, म्हणजे त्याचे वस्तुमान ११९० ग्रॅम. त्यातले ३७ टक्के हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे ४४०.३ ग्रॅम. याला ३६.५ ने भागले की १२.०६ मोल येतात. हे मोल एका लिटरमध्ये आहेत, तेव्हा मोलॅरिटी १२.०६. बाटलीतले हे आम्ल सुमारे बारा मोलर आहे.

सर्वांत जास्त गुण जातात ते याच पायरीवर. घाईत मूल ३७ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३७ ग्रॅम असे धरते, मग लिटरला ३७० ग्रॅम, आणि उत्तर येते १०.१४. आकडा दिसायला अगदी शहाणा असतो, म्हणून संशय येत नाही. ही चूक कशी ओळखायची? गणितात घनता दिली आहे आणि ती कुठेच वापरली गेली नाही, तर थांबायचे. खरे तर आपल्या आम्लात १०० मिलिलिटरमध्ये ४४ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आहे. म्हणजे वस्तुमानानुसार ३७ टक्के असलेले हे द्रावण वस्तुमान-आकारमानानुसार ४४ टक्के ठरते. दोन्ही विधाने खरी आहेत. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीवरचे ०.९ टक्के याच दुसऱ्या जातीचे असतात: १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. तिथे द्रावण इतके विरल असते, की दोन्ही टक्के जवळजवळ एकच पडतात. तीव्र आम्लात ती सूट मिळत नाही.

मोलॅलिटीत खाली द्रावण नसते, फक्त द्रावक असतो, तोही किलोग्रॅममध्ये. एका 'र' आणि 'ल'च्या फरकामुळे ही दोन नावे कायम एकमेकांच्या जागी जातात. आपल्या एक लिटर आम्लात ११९० वजा ४४०.३, म्हणजे ७४९.७ ग्रॅम पाणी आहे. ते झाले ०.७४९७ किलोग्रॅम. १२.०६ मोलांना याने भागले, की मोलॅलिटी येते १६.१.

बारा आणि सोळा! एवढा फरक पाहून मुले गोंधळतात, पण तो का पडतो हे पाण्याकडे पाहिले की कळते. एक लिटर द्रावणातली काही जागा द्राव्याने घेतलेली असते, त्यामुळे पाण्यात केलेल्या बहुतेक द्रावणांत लिटरमागे पाणी एक किलोपेक्षा कमी असते. लहान संख्येने भागले की उत्तर मोठे येते. त्यातून एक सोपी तपासणीही मिळते. पाण्यातल्या तीव्र आम्लाची मोलॅलिटी मोलॅरिटीपेक्षा कमी आली, तर पाण्याऐवजी सगळ्या द्रावणाच्या वस्तुमानाने भागले असणार. इथे १२.०६ ला १.१९ ने भागले तर १०.१ येते, आणि चूक लगेच उघडी पडते. सलाईनमध्ये मात्र दोन्ही उत्तरे सुमारे ०.१५४ येतात. विरल द्रावणांवरच हात बसला, तर हा फरक आहे हेच लक्षात राहत नाही.

एकच गोष्ट मोजायला दोन मापे का ठेवली? कारण तापमान. पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापले, की ते फुगते आणि त्याची घनता सुमारे ०.९९८ वरून ०.९९२ वर येते. मोल तेवढेच राहतात, लिटर वाढतात, म्हणून मोलॅरिटी अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त उतरते. वस्तुमान फुगत नाही, म्हणून मोलॅलिटी जिथल्या तिथे राहते. उत्कलनबिंदू किती वाढला, गोठणबिंदू किती उतरला, या गणितांत तापमान हाच विषय असतो, तेव्हा तिथे मोलॅलिटी वापरतात. प्रयोगशाळेच्या टेबलावर मात्र द्रव पिपेटने उचलायचा असतो, मापून ओतायचा असतो. तिथे मोलॅरिटी सोयीची.

आता गणिताचा शेवटचा भाग, विरलीकरण. पाणी घातल्याने द्राव्याचे मोल वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. मोलॅरिटी गुणिले आकारमान म्हणजे मोल, म्हणून आधीचा गुणाकार आणि नंतरचा गुणाकार सारखाच: M₁V₁ = M₂V₂. आपल्याला ०.५ मोलरचे २५० मिलिलिटर हवे आहेत, म्हणजे गुणाकार १२५. त्याला १२.०६ ने भागले की १०.३६ मिलिलिटर येतात. एवढेच आम्ल घ्यायचे. ज्याने वर १०.१४ मोलॅरिटी काढली होती, तो इथे १२.३३ मिलिलिटर घेईल आणि त्याचे द्रावण ०.५ ऐवजी जवळजवळ ०.६ मोलर होईल.

हे सूत्र पाठ असते, पण त्याची हद्द बहुधा सांगितलेली नसते. त्यात V आहे, म्हणून ते आकारमानावर बेतलेल्या तीव्रतेलाच लागू पडते. वस्तुमानानुसार टक्के असतील तर V च्या जागी द्रावणाचे ग्रॅम घ्यावे लागतात. समजा, या ३७ टक्के आम्लाच्या १०० ग्रॅमपासून १० टक्क्यांचे द्रावण करायचे आहे. ३७ ग्रॅम द्राव्य ३७० ग्रॅम द्रावणात बसले पाहिजे, म्हणून २७० ग्रॅम पाणी घालायचे. हेच कुणी १०० मिलिलिटर आम्ल घेऊन ३७० मिलिलिटरपर्यंत नेले, तर द्रावण वस्तुमानानुसार अकरा टक्क्यांच्या वर राहते. मोलॅलिटीसाठीही मोल कायम धरायचे आणि पाण्याचे ग्रॅम नव्याने मोजायचे.

दुसरी खोच V₂ मध्ये आहे. V₂ म्हणजे शेवटी तयार झालेल्या द्रावणाचे आकारमान. घालायच्या पाण्याचे नव्हे. १०.३६ मिलिलिटर आम्लात २५० मिलिलिटर पाणी ओतले, तर द्रावण सुमारे २६० मिलिलिटर होते आणि तीव्रता ०.४८ वर घसरते. मग वजाबाकी करून २३९.६४ मिलिलिटर पाणी मोजून घालावे का? तेही नेमके ठरत नाही, कारण दोन द्रव मिसळल्यावर त्यांच्या आकारमानांची बेरीज होईलच असे नाही. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर मिश्रण १०० मिलिलिटर भरत नाही. ते तीन-चार मिलिलिटर कमी भरते.

म्हणून प्रत्यक्ष कृती वेगळी असते. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालून, २५० मिलिलिटरच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये निम्म्याहून थोडे कमी पाणी आधी घेतात. आम्ल पाण्यात हळूहळू सोडायचे, पाणी आम्लात कधीच नाही; मिसळताना उष्णता निघते. फ्लास्क हलवून द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ देतात, आणि मगच मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरतात. गरम असतानाच रेघ गाठली, तर निवल्यावर पातळी रेघेखाली उतरते. त्या फ्लास्कवर एक तापमानही छापलेले असते. आपल्याकडच्या अनेक फ्लास्कवर ते २७ अंश असते, आणि रेघ त्या तापमानालाच खरी असते.

वहीतले गणित इथे संपते, पण द्रावणाची परीक्षा अजून बाकी असते. बाटली पुन्हा पुन्हा उघडली की हायड्रोजन क्लोराइड वायू उडून जातो, तेव्हा लेबलावरचे ३७ टक्के जुन्या बाटलीत ३७ राहिलेले नसतात. म्हणून तयार द्रावण कोरड्या, शुद्ध सोडियम कार्बोनेटशी ताडून पाहतात. सोडियम कार्बोनेटचा एक मोल १०६ ग्रॅमचा आणि त्याला आम्लाचे दोन मोल लागतात. ०.६६२५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट शंकुपात्रात पाण्यात विरघळवून त्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले, तर नेमक्या ०.५ मोलर आम्लाचे २५ मिलिलिटर पडताच रंग पालटायला हवा. समजा, ब्युरेटवर वाचन आले २५.८. आम्लाचे मोल तेच ०.०१२५, पण ते २५.८ मिलिलिटरमध्ये सापडले. म्हणजे द्रावण खरोखर ०.४८४ मोलर आहे. मग फ्लास्कवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ०.५ लिहीत नाहीत. तिच्यावर लिहितात ०.४८४, आणि पुढे 'मोलर' हा शब्द, म्हणजे हा आकडा कशात मोजला ते वाचणाऱ्याला विचारावे लागत नाही.