लालमनच्या कार्डावरची चौथी ओळ

१९१३ च्या जानेवारीत गौरी दत्त नावाच्या एका पेढीमालकाच्या नात्यातला मुलगा घर सोडून नाहीसा झाला. त्याच्या शोधासाठी मालकाने नोकर ठिकठिकाणी पाठवले. पेढीवरचे मुनीम लालमन शुक्ल यांना गाडीभाड्याचे आणि वरखर्चाचे पैसे देऊन हरिद्वारला धाडलं. ते निघून गेल्यावर मालकाने हस्तपत्रकं काढली की, मुलाचा शोध लावणाऱ्याला ५०१ रुपये इनाम मिळेल. मुलगा सापडला तो शुक्लांनाच, ऋषिकेशला. त्यांनी तार केली. मालक हरिद्वारला आले, त्यांनी शुक्लांना बक्षीस म्हणून दोन गिन्न्या दिल्या आणि कानपूरला परतल्यावर आणखी २० रुपये. सहा महिन्यांनी शुक्लांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी इनामापोटी ४९९ रुपयांचा दावा लावला. खालच्या न्यायालयात ते हरले. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅनर्जींनीही त्यांचा अर्ज फेटाळला.

करार कायद्याच्या पहिल्या काही तासांतच विद्यार्थ्यांच्या कानावर पडणारा हा खटला. वर्गात तो गोष्टीसारखा रंगतो. सर फॅक्ट्स सांगतात, मधेच विचारतात, ‘समजा लालमन नोकर नसता तर?’ कुणी म्हणतं, मग पैसे मिळाले असते. कुणी विचारतं, पत्रक वाचलंच नसेल तर? तास संपताना वहीत उतरतं ते असं: ‘लालमनला इनाम माहीत नव्हतं, म्हणून करार नाही, सेक्शन २, ऑफर, समजा अनोळखी माणूस, दावा नामंजूर.’ दोन महिन्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री या ओळीतून खटला उभा करायचा म्हटलं तर घडलेलं, सरांनी कल्पिलेलं आणि न्यायाधीशांनी ठरवलेलं यांची सरमिसळ झालेली असते.

उजळणीच्या कार्डावर चार ओळी वेगळ्या करतात त्या यासाठी. फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग, रीझनिंग. मराठीत निकालपत्रं लिहिणाऱ्या आपल्याकडच्या न्यायालयांना ही विभागणी नवी नाही. मुद्दे, त्यापुढे निष्कर्ष आणि खाली कारणमीमांसा अशी त्यांची मांडणी असतेच. वहीतल्या त्या ओळीचं कार्ड केलं तर पहिल्या प्रयत्नात ते साधारण असं होतं:

फॅक्ट्स: मुनीम मुलाला शोधायला गेला. मालकाने ५०१ रुपये इनाम जाहीर केलं. मुनिमाला ते माहीत नव्हतं. मुलगा सापडला.
इश्यू: करार झाला का?
होल्डिंग: नाही. दावा नामंजूर.
रीझनिंग: प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकार होत नाही.

कार्ड नेटकं दिसतं. पण चौथी ओळ मूळ निकालाशी ताडून पाहिली की अडचण समोर येते. निकाल छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. स्वीकारासाठी प्रस्तावाची माहिती हवी, असं बॅनर्जींनी त्यात नक्कीच म्हटलं आहे. मात्र काही हस्तपत्रकं हरिद्वारला शुक्लांकडे पाठवली गेली होती, असंही त्यात नमूद आहे. म्हणजे ‘त्याला माहीतच नव्हतं’ एवढ्यावर निकाल टेकलेला नाही.

तो टेकला आहे दुसऱ्याच कारणावर. मुलं शोधणं हे मुनिमाचं नेहमीचं काम नव्हे, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं. पण हरिद्वारला जायला शुक्ल तयार झाले तेव्हा ती जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली, आणि तीही इनाम जाहीर होण्याच्या आधी. जे काम करायला माणूस आधीच बांधलेला आहे, ते काम नंतर दिलेल्या वचनाचा मोबदला ठरू शकत नाही. करार कायद्यात ज्याला प्रतिफल म्हणतात, वर्गात ‘कन्सिडरेशन’, तेच इथे नाही.

अनेक पाठ्यपुस्तकांत आणि वर्गांत हा खटला ‘माहितीशिवाय स्वीकार नाही’ या सूत्राखाली येतो. सूत्र खोटं नाही आणि परीक्षेत ते विचारलं जातंच. म्हणून ते कार्डावरून खोडून टाकू नये. निर्णायक कारण आधी आणि हे विधान त्यामागे, अशी दोन्ही लिहावीत. दोन्ही एकाच वाक्यात कोंबणाऱ्या विद्यार्थ्याला बांधिलकीवर प्रश्न आला की उत्तर सुचत नाही.

चौथी ओळ बदलली की पहिली ओळही बदलावी लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. आता महत्त्वाचा ठरतो तो घटनांचा क्रम. आधी रवानगी, मग पत्रक. प्रत्येक तपशिलावर बोट ठेवून विचारायचं: हा काढला तर कारण उभं राहतं का? ऋषिकेश काढलं तरी राहतं. नंतरची बडतर्फी काढली तरी राहते. ५०१ ऐवजी १०० रुपये लिहिले तरी काही बिघडत नाही. पण ‘पत्रक तो निघाल्यावर निघालं’ हे काढलं की कारणमीमांसा कोसळते. दुरुस्त कार्ड असं:

फॅक्ट्स: मालकाने खर्च देऊन मुनिमाला हरवलेल्या मुलाच्या शोधाला पाठवलं. तो निघाल्यावर ५०१ रुपयांचं इनाम जाहीर केलं. मुनिमाने मुलगा शोधला.
इश्यू: शोधाची जबाबदारी आधीच घेतलेल्या नोकराला नंतर जाहीर झालेलं इनाम करार म्हणून मागता येतं का?
होल्डिंग: नाही. अर्ज फेटाळला.
रीझनिंग: आधीची बांधिलकी होती, म्हणून शोधाचं काम वचनाचं प्रतिफल नाही. शिवाय, माहितीशिवाय स्वीकार नाही.

इश्यूच्या ओळीत झालेला फरक पाहण्याजोगा आहे. ‘करार झाला का?’ हा प्रश्न शेकडो खटल्यांना लागू पडतो, म्हणून तो या खटल्याची आठवण करून देत नाही. नव्या प्रश्नात खटल्याचे दोन कळीचे तपशील आहेत आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येतं. ते उत्तर म्हणजेच होल्डिंग. होल्डिंगच्या ओळीत ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ हा शब्द शिरला, तर चौथ्या ओळीचा मजकूर तिसरीत सांडला आहे असं समजावं.

सरांच्या ‘समजा’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांना कार्डाच्या पुढच्या बाजूवर जागा नाही. वहीत लिहितानाच त्यांच्यापुढे समासात ‘स’ काढून ठेवला, तर कार्ड करताना ते फॅक्ट्समध्ये घुसत नाहीत. त्यांची जागा मागच्या बाजूला.

सगळेच खटले असे चार ओळींत बसत नाहीत. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश होते, ११ वेगवेगळी निकालपत्रं होती आणि मूलभूत चौकटीचा निर्णय सात विरुद्ध सहा असा झाला. तिथे एकाच ओळीत ‘न्यायालयाचं रीझनिंग’ लिहिणं म्हणजे कुणाचं तरी मत सगळ्यांच्या तोंडी घालणं. अशा खटल्याचं कार्ड प्रश्नागणिक वेगळं करावं आणि चौथ्या ओळीत न्यायाधीशाचं नाव घालावं.

लालमनच्या कार्डाच्या मागे मात्र एका ‘समजा’चं खरंखुरं उत्तर लिहिता येतं. अलाहाबादचाच १९२५ सालचा हरभजन लाल विरुद्ध हरचरण लाल हा खटला. इथेही मुलगा घरातून निघून गेलेला आणि वडिलांचं ५०० रुपयांचं पत्रक. पण शोधणारा माणूस कुणाचा नोकर नव्हता आणि पत्रक त्याला ठाऊक होतं. त्याला मुलगा रेल्वे स्टेशनाच्या धर्मशाळेत भेटला. मुलाला रेल्वे पोलिसांकडे नेऊन त्याने वडिलांना तार केली. न्यायालयाने इनाम त्याला दिलं. दोन्ही कार्डं समोरासमोर धरली तर मुलगा, पत्रक आणि तारही सारखीच दिसते. फरक पहिल्या ओळीतल्या एका शब्दाचा, ‘मुनीम’.